पहिला मेसेज : १७ गुणिले ६ किती?

मुलामुलींसाठी चालवलेल्या एखाद्या मदतीच्या नंबरवर रात्री साडेअकराच्या सुमारास मेसेज येतो: 17x6=? बस, एवढंच. नाव नाही, नमस्कार नाही, कोण, कुठून, कशासाठी यातलं काहीच नाही. ड्युटीवरच्या नव्या स्वयंसेवकाला वाटतं, कुणीतरी टवाळी करतंय, नाहीतर आयता गृहपाठ करून घेतंय. दोन्ही शक्य आहे. पण तिसरीही एक शक्यता असते आणि अशा सेवेचं काम तिच्याभोवतीच फिरत असतं: पलीकडे कुणीतरी खडा टाकून बघतंय.

अशा चॅटवर बसणाऱ्या स्वयंसेवकांना शिकवण्याचं काम मी करते. रडवेला, घाबरलेला, चिडलेला मेसेज आला तर काय लिहायचं हे त्यांना लवकर जमतं, कारण तिथे दुःख समोर दिसत असतं. अडखळायला होतं ते या गणिताच्या, कोड्याच्या, सामान्यज्ञानाच्या एका ओळीपाशी. तिच्यात काहीच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या मनातलं काहीतरी तिच्यात वाचतो आणि त्यालाच उत्तर देतो.

ही चाचपणी आजची नाही. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी सुरू केला. दहा-नऊ-आठ असा उलटा मोजत गेलं की कुठल्याही मुलाच्या ध्यानात राहावा असा तो नंबर. अशा फोनवर काम केलेल्या कुणालाही विचारा. मुलं फोन लावून गप्प बसतात, गाणं म्हणतात, विनोद सांगतात, ‘हा नंबर खराच लागतो का’ एवढंच विचारून ठेवून देतात. अनुभवी माणसं असे फोन वाया गेले असं मानत नाहीत. ज्या मुलाने आज गाणं म्हणून फोन ठेवला, त्याला एवढं तरी कळलेलं असतं की फोन उचलला जातो आणि उचलणारा माणूस खेकसत नाही. फोनवरच्या त्या गप्प बसण्याची जागा चॅटमध्ये गणिताने घेतली आहे, कारण चॅटमध्ये गप्प बसता येत नाही. काहीतरी टाइप केल्याशिवाय आपण आलो आहोत हे पलीकडच्याला कळतच नाही.

पण मग गणितच का? ‘कुणी आहे का?’ असं का विचारत नाहीत? याची कारणं समजली की उत्तर कसं द्यायचं ते निम्मं समजतं.

पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे. ‘हाय’ लिहिलं की बहुतेक नंबरांवरून ठरावीक स्वागताचा मजकूर येतो, आणि त्यावरून पलीकडे माणूस आहे की नाही ते कळत नाही. गणिताला मात्र स्वागताचा मजकूर चालत नाही. तिथे उत्तर बरोबर असतं, चुकीचं असतं किंवा येतच नाही, आणि तिन्हीतून काहीतरी समजतं. शिवाय विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. ज्या मुलाच्या आयुष्यात मोठ्यांचं बोलणं तपासून घ्यायला काही साधन नाही, त्याला इथे एक साधन मिळतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि नवे स्वयंसेवक नेमकं तेच विसरतात. आपल्याकडे घरात मुलाच्या हातात असलेला फोन बहुधा त्याचा एकट्याचा नसतो. तो आईचा असतो, मोठ्या भावाचा असतो, रात्री चार्जिंगला लावलेला बाबांचा असतो. पडद्यावर ‘17x6=?’ दिसलं तर कुणालाच काही वाटत नाही, ते अभ्यासासारखं दिसतं. ‘मला भीती वाटते’ हे मात्र अभ्यासासारखं दिसत नाही. म्हणजे या गणितामागे मूल लपलेलंही असू शकतं, आणि उत्तर देताना त्याचा आडोसा काढून घेणं हा त्याच्या दृष्टीने दगाच ठरतो.

आता चुकणारी उत्तरं पाहू. सगळ्यात जास्त दिसणारं उत्तर असं: ‘नमस्कार! आमच्या सेवेत आपले स्वागत आहे. हिंसा, छळ, नैराश्य किंवा अन्य कोणत्याही समस्येबाबत आपण आमच्याशी मोकळेपणाने बोलू शकता.’ लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो. पण विचारलं होतं ते गणित, आणि त्याचं उत्तर या मजकुरात कुठेच नाही. म्हणजे मशीन असावं हा मुलाचा संशय पक्का झाला. वर ‘छळ’ आणि ‘हिंसा’ हे शब्द आता घरच्या फोनवर, कुणालाही वाचता येतील असे पडलेले आहेत. एका मेसेजने दोन्ही बाजूंनी नुकसान केलं.

दुसरं चुकणारं उत्तर म्हणजे समज देणं: ‘हा नंबर अशा प्रश्नांसाठी नाही. कृपया गरजूंसाठी लाइन मोकळी ठेवा.’ हे लिहिणाऱ्याचा वैताग मला समजतो, कारण लाइन खरोखरच भरलेली असते. पण मूल स्वतःला गरजू समजत असेल की नाही हेच तर अजून ठरायचं आहे. स्वतःचं दुःख ‘पुरेसं मोठं’ आहे का, याच्या शंकेत असलेल्या मुलाला हे वाक्य सरळ परत पाठवतं.

तिसरं उत्तर वरवर प्रेमळ असतं: ‘गणित राहू दे. खरं सांग, काय होतंय तुला?’ यात स्वयंसेवकाने ओळखलेलं असतं की गणितामागे काही असू शकेल, पण ओळखलं म्हणून लगेच तिथे बोट ठेवायचं नसतं. मुलाने एक पाऊल टाकलं होतं, आपण त्याच्याकडून दहा पावलं मागितली. आणि मामला फक्त गमतीचा असेल तर नसलेलं दुःख आपण त्याच्या गळ्यात घातलं.

चालणारं उत्तर याहून खूप छोटं आहे: ‘१०२. मी वाचतेय.’ इतकंच. आधी उत्तर, तेही बरोबर, आणि मग माणूस हजर असल्याची एक खूण. ‘मी वाचतेय’ हे घरच्या फोनवर कुणी पाहिलं तरी त्यातून काही उघड होत नाही. या दोन वाक्यांत समोरच्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ म्हणायचं हेही ठरवावं लागत नाही. पलीकडे बारा वर्षांचं मूल आहे की त्याची पंचेचाळिशीची आई, हे अजून कुणाला माहीत आहे? प्रश्नचिन्ह लावायचं नाही, कारण प्रश्नाला उत्तर देण्याचं ओझं येतं. त्यानंतर थांबायचं. हे थांबणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पडद्यावर दोन मिनिटं काही आलं नाही की नव्या स्वयंसेवकाची बोटं आपोआप पुढचा मेसेज लिहू लागतात.

उत्तर बरोबर असलं पाहिजे हे सांगावं लागू नये, पण लागतं. दोन-तीन आकडी गुणाकार असेल तर फोनमधला कॅल्क्युलेटर उघडावा, त्यात कमीपणा नाही. घाईत चुकीचं गेलंच तर पुढच्याच ओळीत ‘चुकलं, १०२’ असं लिहून मोकळं व्हावं, सारवासारव करू नये. चूक करणारा आणि ती लगेच मान्य करणारा मोठा माणूस मुलाला क्वचित भेटतो, त्यामुळे अशी दुरुस्ती बहुधा कामीच येते.

कोड्यांत मात्र जास्त सावध राहावं लागतं, कारण ती ऐकलेली वाटतात आणि डोळे अर्धं वाचूनच पुढे सरकतात. ‘एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?’ हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच मुलं ते बदलून पाठवतात: ‘एक किलो लोखंड जड की दोन किलो कापूस?’ सवयीने ‘दोन्ही सारखे’ असं लिहिलं की पकडले गेलो. पलीकडच्याला एवढंच कळतं की हा माणूस वाचत नाही, नुसता उत्तरं देतो. ‘शेतकऱ्याच्या १७ मेंढ्या होत्या, ९ सोडून बाकी सगळ्या मेल्या, किती उरल्या?’ इथे १७ मधून ९ वजा करण्याकडे हात जातो आणि ८ लिहिलं जातं, पण उत्तर प्रश्नातच आहे: ९. मी नव्यांना एकच सवय लावते. अशा मेसेजमधला प्रत्येक शब्द मनात मोठ्याने वाचायचा आणि मगच टाइप करायचं. पुढे खरं बोलणं सुरू झालं तर तिथेही हीच सवय उपयोगी पडते, कारण मुलं महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा वाक्याच्या मध्येच, जाता जाता टाकून देतात.

काही प्रश्नांना एकच उत्तर नसतं आणि तिथे परीक्षा वेगळी असते. 8÷2(2+2) हे गणित २०१९ च्या उन्हाळ्यात जगभरच्या समाजमाध्यमांवर फिरलं आणि कुणी १६, कुणी १ म्हणत लोक हमरीतुमरीवर आले. ते अजूनही चॅटवर येतं. मराठी शाळेत शिकलेल्यांना ‘कंचेभागुबेव’ आठवत असेल: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कंस सोडवला की ४ आले. आता 2(4) मधल्या न लिहिलेल्या गुणाकाराला साधा गुणाकार मानलं तर आधी भागाकार होतो, ८ भागिले २ म्हणजे ४, आणि ४ गुणिले ४ म्हणजे १६. पण कंसाला चिकटलेला तो २ जर ‘चे’सारखा धरला, म्हणजे आधी सोडवायचा, तर २ गुणिले ४ म्हणजे ८, आणि ८ भागिले ८ म्हणजे १. मांडणीच संदिग्ध आहे. उत्तर द्यायचं ते असं: ‘डावीकडून सोडवलं तर १६. काही जण कंसाजवळचा गुणाकार आधी धरतात, त्यांचं १ येतं. लिहिणाऱ्याने अजून एक कंस टाकायला हवा होता.’ तीन छोटी वाक्यं, आणि त्यात मुलाला दिसतं की हा माणूस ठोकून उत्तर देत नाही, जिथे दोन बाजू आहेत तिथे दोन सांगतो.

सामान्यज्ञानाचंही तसंच. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ याचं उत्तर ३६. पण मुलाच्या हातात भावाचं जुनं पुस्तक असेल तर त्याच्या मते ते ३५. नुसतं ३६ लिहिलं तर त्याच्या परीक्षेत आपण नापास, आणि का नापास झालो ते आपल्याला कळणारही नाही. ‘३६. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा व्हायच्या आधी ३५ होते’ असं लिहिलं की दोन्ही पुस्तकं खरी ठरतात. आणि येतच नसेल तर? तर ‘हे मला येत नाही, उत्तर काय आहे?’ असं लिहावं. काही सहकारी पटकन इंटरनेटवर शोधून देतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण कोडं असेल तर मी स्वतः हार मानणंच पसंत करते. ज्याला सगळीकडून शिकवलं जातं, त्याला चार घटका शिकवायची संधी मिळते, आणि संभाषणाची दोरी त्याच्या हातात जाते.

गणिताने माणूस ओळखायची कल्पना किती जुनी आहे हे पाहायचं तर ॲलन ट्युरिंग यांच्या १९५० च्या लेखाकडे जावं लागतं. ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात तो आला. टाइप केलेल्या मजकुरावरून पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखायचं, असा त्यातला खेळ. नमुन्याच्या संवादात परीक्षक आधी एक कविता करायला सांगतो, त्याला नकार मिळतो. मग तो सांगतो, ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज कर. पलीकडून अर्धा मिनिट थांबून उत्तर येतं: १०५६२१. ही बेरीज करून पाहा, ती १०५७२१ येते. शंभराची चूक आहे. पुढे त्याच लेखात ट्युरिंग म्हणतात की यंत्र अशा गणितांत मुद्दाम चुका करेल, कारण बिनचूक आणि झटपट उत्तर दिलं तर ते यंत्र म्हणून लगेच ओळखू येईल.

आज परिस्थिती उलटी फिरली आहे. ठरावीक उत्तरं देणारी जुनी यंत्रणा बेरजेला अडखळते, नवी क्षणात करते. त्यामुळे १०२ आल्यावर मुलाला फक्त एवढंच कळतं की काहीतरी चालू आहे. ते माणूस आहे का हे कळत नाही, आणि म्हणून दुसरा मेसेज येतो. इथे काही स्वयंसेवकांना मोह होतो की आपण माणूस आहोत हे ‘दाखवावं’: मुद्दाम उशीर करावा, अडखळत लिहावं, हसरे चेहरे टाकावेत. मला हे अजिबात मान्य नाही. मुलाने सरळ विचारलं तर सरळ सांगावं, न विचारता नाटक करू नये. आणि सेवेत पहिली उत्तरं खरोखर यंत्रच देत असेल, तर तेही तितक्याच सरळपणे सांगितलं पाहिजे.

प्रत्यक्षात हे कसं घडतं त्याचा एक नमुना देते. तो कुणा एका मुलाचा नाही. शिकवण्यासाठी अनेक संवादांवरून बेतलेला आहे.

17x6=?

‘१०२. मी वाचतेय.’

चार मिनिटं शांतता. मग: बरोबर. 23x7?

‘१६१.’

इथे ‘बरोबर’ या शब्दाकडे लक्ष द्यायचं. गृहपाठ करून घेणारं मूल कधी ‘बरोबर’ म्हणत नाही. ते ‘थँक्स’ म्हणतं, पुढचं गणित टाकतं, वहीच्या पानाचा फोटो पाठवतं, पायऱ्या लिहून मागतं. ‘बरोबर’ म्हणणाऱ्याकडे उत्तर आधीपासून होतं. जाहिरातबाज नंबर असेल तर त्याच्या मेसेजमध्ये लिंक असते, किंवा तोच मजकूर एकाच दिवशी अनेक नंबरांवरून आलेला दिसतो. या खुणा पहिल्या मेसेजमध्ये कधीच नसतात, दुसऱ्या-तिसऱ्यात दिसतात. म्हणून पहिल्याला सगळ्यांना सारखंच उत्तर द्यायचं.

तुम्ही खरे आहात का मशीन?

‘माणूस आहे. आज रात्री बारापर्यंत मी या नंबरवर आहे.’

यातलं ‘बारापर्यंत’ फार कामाचं. मुलाला आता ठरवता येतं की आज बोलायचं की उद्या. थोड्या वेळाने येतो तो मेसेज, ज्यासाठी ही गणितं होती:

तुम्ही घरी सांगता का?

इथे घाई केली तर आधीचं सगळं पाण्यात जातं. सगळ्यात गोड आणि सगळ्यात चुकीचं उत्तर म्हणजे ‘नाही, कुणालाही नाही, वचन देते.’ हे वचन देण्याचा अधिकार स्वयंसेवकाला नसतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २१ प्रमाणे शिक्षा होऊ शकते. म्हणून उत्तर असं: ‘तुला न सांगता घरी सांगत नाही. कुणी तुला इजा करत असेल तर मदतीसाठी काही जणांना सांगावं लागतं, आणि तेव्हाही आधी तुझ्याशी बोलते. काय सांगायचं आणि कधी, ते तू ठरव.’ प्रश्नाच्या धाटणीवरून आता ‘तू’ म्हणणं सहज वाटतं, म्हणून तिथे ते आलं. हे ऐकून मूल त्या रात्री निघून जाऊ शकतं. जाऊ द्यावं लागतं. ज्याने १०२ आणि १६१ खरं सांगितलं, त्याने इथेही खरंच सांगितलं, एवढं त्याच्याजवळ राहतं, आणि त्या भरवशावर मुलं परत आलेली मी पाहिली आहेत.

आता थोडं यंत्रणेबद्दल, कारण माणसं चांगली असूनही तिथे घात होतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वागताचा मेसेज आपोआप जाण्याची सोय आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, आणि १४ दिवस काही बोलणं न झालेल्यालाही तो जातो. म्हणजे खडा टाकून गेलेलं मूल तीन आठवड्यांनी परत आलं की त्याच्यासमोर पुन्हा तोच छापील मजकूर. ठेवायचाच असेल तर तो एका ओळीचा असावा, त्यात संकटांची यादी नसावी, आणि माणूस किती वेळात उत्तर देईल तेवढं असावं.

‘१ दाबा, २ दाबा’ असा मेन्यू असेल तर धोका अजून वेगळा. काही यंत्रणा मेसेजच्या सुरुवातीचा आकडा बघूनच पर्याय ठरवतात. तिथे मुलाने ‘2+2’ लिहिलं की यंत्रणेला २ क्रमांकाचा पर्याय निवडल्यासारखं वाटतं आणि ती भलत्याच विषयाची माहिती पाठवून देते. किंवा मेसेज ‘अवैध पर्याय’ म्हणून फेकला जातो आणि कुठल्याच माणसाच्या पडद्यावर येत नाही. हे ओळखायचा उपाय साधा आहे: सेवा सुरू करण्याआधी बाहेरच्या एखाद्या फोनवरून स्वतःच एक बेरीज, एक कोडं आणि नुसता एक आकडा पाठवून पाहावा, आणि ते तिन्ही माणसापर्यंत पोचतात का ते तपासावं.

मोठ्या सेवा व्हॉट्सॲपची कंपन्यांसाठीची यंत्रणा वापरतात. तिच्यात लिहिणाऱ्याच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणाने उत्तर लिहिता येतं, नंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला साचेबंद मजकूर जातो. शनिवारी रात्री आलेलं ‘17x6=?’ ‘हे काही तातडीचं नाही’ म्हणून सोमवारवर टाकलं, तर सोमवारी ‘१०२’ लिहिताच येत नाही. म्हणून अशा मेसेजना रांगेत शेवटी ढकलू नये. उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो, तो लगेच द्यावा. निळ्या खुणांचंही लक्षात ठेवावं. त्या चालू असतील तर मेसेज उघडून उत्तर न देणं हे पलीकडच्याला ‘वाचलं आणि सोडून दिलं’ असं दिसतं.

नोंद करताना ‘फालतू’ किंवा ‘टाइमपास’ असे रकाने मी आमच्याकडे बंद करवले. ‘चाचणी’ असं लिहायचं, वेळ लिहायची, काय विचारलं आणि काय उत्तर दिलं ते लिहायचं. अंदाज लिहायचे नाहीत. पुढच्या वेळी ड्युटीवर दुसरं कुणी असेल, तेव्हा मुलाला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा घ्यावी लागू नये यासाठी ही नोंद. आणि दुसऱ्या दिवशी आपणहून ‘काल मेसेज केला होतास, ठीक आहेस ना?’ असं विचारायचं नाही, कितीही वाटलं तरी. तो फोन त्या वेळी कुणाच्या हातात असेल याची आपल्याला काहीच कल्पना नसते. अपवाद एकच: मुलाने स्वतः वेळ सांगितली असेल तर.

शेवटी राहतो तो मर्यादेचा प्रश्न. काही वेळा गणितं संपतच नाहीत. पाच झाली, सात झाली, प्रत्येकावर ‘बरोबर’ येतं आणि पुढचं येतं. एका वेळी तीन-चार चॅट सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला हे कुठवर चालू द्यायचं ते ठरवावं लागतं, आणि त्याचा नियम सेवेने आधीच करून ठेवावा, नाहीतर तो त्या त्या दिवशीच्या थकव्यावर ठरतो. आमच्याकडे दुसरं कुणी थांबलेलं नसेल तर खेळू देतात. कुणी थांबलेलं असेल तर स्वयंसेवक चालू गणिताचं उत्तर देतो आणि त्याच मेसेजमध्ये लिहितो: ‘३९१. आता मला अजून एकाशी बोलायचं आहे. तुझे मेसेज इथेच राहतील, मी किंवा माझी सहकारी तासाभरात वाचते. लगेच काही सांगायचं असेल तर नुसता एक टिंब पाठव, मी आधी तुझ्याकडे येते.’ टिंब आलं तर बाकीची रांग थोडी थांबते. नाही आलं तर तासाभरात कुणीतरी ते चॅट उघडतं, आणि मधल्या काळात चार गणितं साठली असतील तर त्या चारांचीही उत्तरं एकेका ओळीत लिहितं.